सहा लाखांचं नुकसान, हातात तीन लाख

"म्हापशात माझं कपड्यांचं दुकान आहे. एरवी २२ लाखांचा माल असतो, चतुर्थी ते दिवाळी तो ४० लाखांवर जातो. आगीची पॉलिसी २० लाखांची आहे. एजंट म्हणतो ४० लाखांची करा, वर्षाला साडेचार हजार जास्त पडतील. पण आग लागली तरी सगळं दुकान थोडंच जळतं? २० लाख पुरणार नाहीत का?"

पुरणार नाहीत, आणि थोडंसंच जळालं तरीही पुरणार नाहीत. आगीच्या पॉलिसीत ॲव्हरेज क्लॉज असतो. दुकानात असलेल्या मालापैकी जितक्या हिश्श्याचा विमा, तितकाच हिस्सा नुकसानीतला मिळतो. उरलेल्या भागाची जोखीम तुम्ही स्वतःच घेतलीय, असं कंपनी धरते.

चतुर्थीच्या आठवड्यात मीटरपाशी शॉर्टसर्किट होऊन सहा लाखांच्या साड्या जळाल्या, भिजल्या, असं समजा. त्या दिवशी माल ४० लाखांचा, विमा २० लाखांचा, म्हणजे निम्मा. तुम्हाला तीन लाख मिळतील, त्यातूनही पॉलिसीतली ठरलेली वजावट जाईल. नुकसान २० लाखांच्या आत आहे, हा मुद्दा तिथं चालत नाही.

दुकानासारख्या छोट्या धंद्यांसाठी १ एप्रिल २०२१ पासून 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही पॉलिसी आहे. तिच्यात मालाच्या किमतीपेक्षा विमा १५ टक्क्यांपर्यंत कमी असला, तर ती तूट माफ असते. त्यामुळे एरवीच्या २२ लाखांच्या मालाला तुमचे २० लाख चालून जातात. ४० लाखांना मात्र किमान ३४ लाखांचा विमा हवा. तूट त्यापुढे गेली की १५ टक्के वजा होत नाहीत, सगळ्या तुटीचा हिशेब लागतो. तुमची पॉलिसी याच नावाची आहे का, ते आजच बघा. जुन्या धर्तीच्या पॉलिसीत ही माफी असेलच असं नाही.

माल कमी दाखवून सुटता येईल, असं मनात आणू नका. दावा तपासायला आलेला सर्वेक्षक मागच्या ताळेबंदातला शिल्लक माल घेतो, त्यात खरेदी मिळवतो, विक्रीतून नफा काढून उरलेली रक्कम वजा करतो. जीएसटी रिटर्न समोर असतातच. बँकेचं कॅश क्रेडिट असेल, तर तिला दर महिन्याला दिलेलं स्टॉक स्टेटमेंटही तो मागतो. तिथं ४० लाख लिहिले असतील, तर वाद तिथंच संपतो.

रक्कम ठरवताना विक्रीची किंमत धरू नका, खरेदीची धरा. पण तिच्यात जीएसटी मिळवा, कारण जळालेल्या मालावर घेतलेलं इनपुट क्रेडिट कायद्याने परत करावं लागतं. रकमेत जीएसटी धरलाय, हे पॉलिसीवर लिहून घ्या.

मी तुमच्या जागी असतो, तर साडेचार हजार भरले असते. एका दाव्यात तीन लाख बुडण्यापुढे ही रक्कम फार लहान आहे. फक्त हंगामापुरती वाढ करून पैसे वाचवायचे असतील, तर माल उतरण्याआधी रक्कम वाढवल्याची पॉलिसीवरची नोंद, म्हणजे एंडोर्समेंट, हातात हवी. घाईगर्दीत ती राहूनच जाते, म्हणून मी वर्षभराचीच घ्या म्हणेन. चतुर्थीचा पहिला ट्रक दाराशी लागण्याआधी एजंटला गेल्या वर्षीच्या ऑगस्ट ते ऑक्टोबरची खरेदीची बिलं दाखवा आणि सर्वांत जास्त माल ज्या दिवशी होता, तो आकडा पॉलिसीवर चढवा.