आई-बाबांच्या लग्नाच्या वाढदिवशी बोलायचंय? तीन मिनिटं पुरेत

तुझ्या भाषणाचा मसुदा वाचला. बाबांची नोकरी, बदल्या, घराचं कर्ज, आजीचं आजारपण... अरे, हा बायोडेटा झाला! समोर बसलेल्या मामा-काकूंना तो पाठ आहे. सगळं खोड आणि शेवटी एका ओळीत उरकलेला स्कूटरचा प्रसंग तेवढा ठेव.

तो असा सांग: "भर पावसात स्कूटर बंद पडली. बाबा किक मारतायत, आई छत्री धरून उभी. छत्री बाबांवर नव्हती, प्लगवर होती." इथे थांब. लोक हसतील, ते ओसरू दे. मग एकच वाक्य: "बाबा भिजले, पण स्कूटर सुरू झाली. आमचं घर असंच चालत आलंय."

पहिल्यांदा बोलणारे हमखास चुकतात ते इथे:

- आठवण एकट्या आईची किंवा एकट्या बाबांची निवडतात. दोघं एकाच चित्रात हवेत.
- कागदात डोकं घालून वाचतात. चिठ्ठीवर पाच शब्द पुरेत. पहिलं आणि शेवटचं वाक्य मात्र पाठ कर.
- जेवण सुरू झाल्यावर माइक घेतात. केक कापला की लगेच बोल. एकदा बुफे उघडला की जिलबीपुढे तुझं कोण ऐकणार?

टोस्टची, म्हणजे ग्लास उंचावून शुभेच्छा देण्याची, आपल्याकडे फारशी सवय नाही, त्यामुळे तू उठण्याआधीच पन्ह्याचे ग्लास सगळ्यांच्या हातात पोचायला हवेत. ते काम बहिणीवर सोपव. आधी सगळ्यांना उभं राहायला सांग, मग ग्लास उंच धरून म्हण: "आई, बाबा, छत्री अशीच धरून ठेवा!"

आणि लगेच माइक खाली ठेव.