अठरा वर्षांचा हिशेब आणि चार तोळे सोनं

"ताई, अक्कलकोट रोडला आमचा टॉवेलचा कारखाना आहे. अठरा वर्षं दादाबरोबर काढली, आता जमत नाही. पण हिस्सा मागितला की दादा म्हणणार, भाऊ वैरी झाला. कसं सांगू?"

विचारणारे चाळिशीतले गृहस्थ. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.) आल्या आल्या त्यांनी मोबाइल पुढे केला. आदल्या रात्री घरच्या ग्रुपवर टाकलेला मेसेज होता, 'उद्यापासून येणार नाही. माझं काय ते बघा.' सगळ्यांनी वाचलेला, उत्तर कुणाचंच नाही. मी म्हटलं, हा राजीनामा नाही, हा रुसवा झाला. दादा यावर लिहिणार तरी काय?

वसुली आणि माल पाठवणं हे त्यांचं काम. ते पुतण्याच्या हाती द्यायला तीन महिने पुरे होते. भागीदारी सोडणं वेगळं. वडिलांच्या वेळचा भागीदारीचा करार त्यांनी कधी वाचलाच नव्हता. तो काढला, तर त्यात तीन महिन्यांच्या लेखी सूचनेची अट निघाली. डिसेंबरात दादांच्या हातात साधं पत्र दिलं, 31 मार्चला निवृत्त होतो म्हणून. त्या तारखेला वर्षाचा हिशेब तसाही बंद होतो, म्हणजे आकडे कुणी कधी धरले यावर वाद उरत नाही.

दोघं भाऊ माझ्यासमोर बसले तेव्हा धाकट्यांच्या डोक्यात 40 लाख होते आणि दादा म्हणत होते, "पुस्तकात 14 आहेत." खोटं कुणीच बोलत नव्हतं. दरवर्षी घसारा लावून पुस्तकात मागांची किंमत उतरत जाते, बाजारात तेवढी उतरत नाही. त्या दिवशी मी रकमेचं नावच काढू दिलं नाही. माग कुणाकडून मोजून घ्यायचे आणि जुन्या उधारीचं काय करायचं, एवढंच ठरलं. बाहेरच्या मूल्यांकनात माग पुस्तकापेक्षा 12 लाखांनी जास्त भरले. धाकट्यांचा हिस्सा 30 टक्के, म्हणून 3 लाख 60 हजार वाढले. वर्षापेक्षा जुनी उधारी मोजायची नाही, पुढे वसूल झाली तर त्याच प्रमाणात द्यायची. एकूण 17 लाख 60 हजार. त्यातले 5 लाख 60 हजार सही करताना, बाकीचे दरमहा 50 हजारांनी दोन वर्षांत. एकदम मागितले असते तर दादांना सुताचे पैसे थकवावे लागले असते. भांडवलापेक्षा जास्त दिलेल्या रकमेवर फर्मला कर लागू शकतो, म्हणून मसुदा आधी सीएंना दाखवला.

तरी धाकटे खूश दिसेनात. तिसऱ्या भेटीत कळलं. दोन माग घेताना त्यांच्या बायकोच्या चार तोळ्यांच्या पाटल्या मोडल्या होत्या आणि पुस्तकात त्याची नोंद नव्हती. दादांना वाटत होतं, ते घरातलं होतं. मी विचारलं, "वहिनींच्या मोडल्या असत्या तर?" दादा बराच वेळ चष्मा पुसत बसले. पैशांत ते धरायचंच नाही, चार तोळे सोनंच परत करायचं, हे त्यांनीच सुचवलं.

शेड अजून वडिलांच्या नावावर होती. तिच्यावर आई आणि दोघा भावांइतकाच बहिणीचाही हक्क, म्हणून निवृत्तिपत्रात ती आणलीच नाही. 'माझा कशावरही हक्क राहिला नाही' हे वाक्य अशा कागदांत सर्रास टाकतात. वकिलांकडून ते 'या फर्मपुरता' असं करून घेतलं, नाहीतर शेडवरून पुढे नवं भांडण.

आई अडल्या त्या जाहीर नोटिशीवर. "पेपरात नाव आलं की लोक म्हणणार, पोरं भांडून वेगळी झाली." पण नोटीस निघेपर्यंत फर्मच्या नव्या देण्यासाठीही जुन्या भागीदाराला धरता येतं. राजपत्र, एक मराठी वर्तमानपत्र आणि नोंदणीकृत फर्म असेल तर निबंधकांकडे सूचना, हे चुकवता येत नाही. मग मजकुरात 'परस्पर संमतीने' घातलं, आणि छापून येण्याआधी दोघं एकाच गाडीतून सूतवाल्यांकडे जाऊन आले. ती गाडी पेठेत सगळ्यांनी पाहिली, हे आईंना पुरलं.

बँकेचं मात्र नोटिशीने भागत नाही. कॅश क्रेडिटला धाकट्यांची वैयक्तिक हमी होती. दादा म्हणत, "बँक काय करणार, घरचंच आहे." बँक लेखी मोकळं करेपर्यंत जुन्या कर्जाची हमी अंगावर राहते. म्हणून सहीच्या दिवशीच दोघांच्या सहीचा अर्ज बँकेत दिला. दोन महिने चकरा झाल्या, दादांच्या मुलाची हमी घेतली गेली, तेव्हा कुठे नवं मंजुरीपत्र आलं. हमीदारांच्या यादीत धाकट्यांचं नाव नव्हतं.

त्याचा फोटो दादांनी घरच्या त्याच ग्रुपवर टाकला. खाली पहिलं उत्तर वहिनींचं होतं, "रविवारी जेवायला या. सोनाराकडेही जायचंय."