उंचवटा दिसला म्हणून लगेच खूश होऊ नकोस

ताई, तुझ्या ब्लाऊज कटिंगच्या व्हिडिओत रिटेन्शनचा आलेख, म्हणजे कुठल्या क्षणी किती लोक बघतायत ते दाखवणारी रेघ, मध्येच वर जाते. म्हणजे बहुधा लोक तो भाग मागे नेऊन पुन्हा बघतायत. का बघतायत, ते मात्र आलेख सांगत नाही. तो तुकडा आवाज बंद करून स्वतः बघ.

माझ्या एका व्हिडिओत असे दोन उंचवटे होते. पहिला मापांच्या तक्त्यावर. लोक मागे नेऊन मापं उतरवून घेत होते आणि पुढे रेघ पूर्वीच्याच चालीने जात होती. तो भाग कामाचा होता. दुसरा मुंढ्याचा गोल काढताना, आणि त्यानंतर रेघ धाडकन खाली. बघितलं तर माझाच हात खडूच्या रेषेवर आडवा! लोक दोनदा बघून कंटाळून गेले होते. पुढच्या वेळी कॅमेरा वरून लावला.

सुरुवातीच्या चुका दोनच:

- पन्नासेक व्ह्यूजवर निष्कर्ष काढणं. तिथे तीन माणसांनीही उंचवटा येतो.
- गोंधळाचा भाग कापून टाकणं. मग पुढचं काहीच कळत नाही. त्यापेक्षा खुलासा कमेंटमध्ये पिन कर.

कुणी त्याच मिनिटाची लिंक पाठवली असेल तरीही उंचवटा येतो, म्हणून कमेंट्सही वाच.