अठराव्या वाढदिवसाचं पत्र आणि सूचनांची चिठ्ठी

ताई, नमस्कार. माझा मुलगा जूनमध्ये अठरा वर्षांचा होईल आणि मग शिकायला पुण्याला जाईल. हे यंत्रमागावर आहेत, मी घरी टॉवेलला शिलाई मारते. घरी आम्ही तेलुगू बोलतो, पण लिहायला मला मराठीच येतं. त्याला वाढदिवसाला पत्र द्यायचंय, पण लिहायला बसलं की 'अभ्यास कर, संगत बघ, आमचे कष्ट विसरू नकोस' एवढंच उतरतं. पोरगा गुणाचा आहे. यंदा गड्ड्याच्या यात्रेत एक लहान मूल हरवलं होतं, तर त्याला पोलिसांकडे नेलं आणि त्याची आई येईपर्यंत तिथंच बसून राहिला. उशीर झाला म्हणून घरी माझी बोलणी खाल्ली, पण कारण काही सांगितलं नाही. असं सूचनांचं पत्र तो अर्ध्यातच मिटून ठेवील. काय लिहू?
— एक आई, पूर्व भाग, सोलापूर

ताई, तुमचं पत्र त्या गड्ड्याच्या प्रसंगात आहे. तिथूनच सुरुवात करा.

एक करून बघा. लिहिलेल्या कागदावर तुमच्या मुलाऐवजी शेजारच्या मुलाचं नाव घालून वाचा. 'अभ्यास कर, संगत बघ' त्यालाही तसंच लागू पडेल. जे वाक्य कुणालाही चालतं ते तुमच्या मुलाला आपलं वाटत नाही, म्हणून ते काढून टाका. हरवलेल्या मुलाजवळ बसून राहणारा तो एकटाच आहे, ते वाक्य राहील.

आशेचंही असंच आहे. 'तू मोठा माणूस होशील' म्हटलं की मुलाला ती अपेक्षा वाटते आणि अपेक्षेचं ओझं होतं. तुम्ही त्याच्यात जे डोळ्यांनी पाहिलंय त्यावरून पुढचं बोललात, तर तो ते नाकारू शकणार नाही, कारण ते घडून गेलेलं आहे.

कष्टांबद्दल लिहायला काहीच हरकत नाही. ते लपवा असं मी कधीच सांगणार नाही, त्याच कष्टांवर तुमचं घर उभं आहे. फक्त घडलं तसं सांगा आणि तिथंच थांबा. पुढे 'विसरू नकोस' आलं की त्या आठवणीची उधारी होते, आणि अठराव्या वर्षी मुलाला ती फेडता येत नाही.

मी असं काहीसं लिहीन. तपशील तुमच्या घरचे घाला:

'बिड्डा, गड्ड्याच्या दिवशी तू उशिरा आलास तेव्हा मी काही न विचारता ओरडले. होम मैदानावर काय झालं ते मला नंतर कळलं. तेव्हापासून तुझ्या पुण्याला जाण्याची भीती कमी झाली. तिथं तुला कुणी ओळखत नसेल, पण परक्या गर्दीत तू कसा वागतोस हे मला आता माहीत आहे. तू लहान होतास तेव्हा बाबा रात्रपाळी करून सकाळी यायचे आणि तुला पोटावर घेऊन झोपायचे. कामावरून आल्यावर आधी तुलाच शोधायचे. पुण्यातली तुझी खोली कशी आहे, कुणाशी पटलं, जेवण कसं आहे, हे सगळं मला तुझ्याकडून ऐकायचं आहे.'

यात एकही हुकूम नाही, तरी तुमची काळजी दिसते. शेवटी तुम्ही त्याच्याकडे काही मागितलंय, पण फक्त बोलणं. घरी ज्या नावाने हाक मारता तेच वर घाला, तेलुगू असलं तरी देवनागरीत लिहा. एक पान पुरे, आणि हातानंच लिहा.

काही सूचना खरंच गरजेच्या असतात. त्या वेगळ्या चिठ्ठीवर लिहा, म्हणजे पत्रात शिरणार नाहीत. तुमच्या नावासोबत त्याचं अज्ञान खातं असेल, तर अठरा पूर्ण झाल्यावर बँकेत त्याची कागदपत्रं आणि त्याची स्वतःची सही द्यावी लागेल. हे पुण्याला जाण्याआधीच उरका, नाहीतर ऐन फी भरायच्या वेळी व्यवहार अडेल. मतदार यादीसाठी नमुना ६ चा अर्ज असतो. वयासाठी वर्षात चार तारखा धरतात: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. जूनमध्ये अठरा पूर्ण होत असल्याने त्याला १ जुलैची तारीख लागू होईल.

पत्र पाहुण्यांसमोर वाचून दाखवू नका, केक कापतानाही देऊ नका. सकाळी तो एकटा असताना हातात द्या आणि आपल्या कामाला लागा. या वयाची मुलं बहुतेकदा 'वाचलं' एवढंच म्हणतात, काही तेवढंही नाही. 'कसं वाटलं?' असं विचारलंत तर त्याला तुमच्यासमोर उत्तर जुळवत बसावं लागेल. तेवढं टाळा. त्याचा पुण्याहून पहिला फोन येईल तेव्हा अभ्यासाचं राहू दे, आधी खोलीचं विचारा.