सिनगॅसचं 'द्रवीकरण' होतं का?

'औद्योगिक रसायनशास्त्राच्या निबंधात मी "संश्लेषित वायूचे लोह किंवा कोबाल्ट उत्प्रेरकावर द्रवीकरण" असं लिहिलं. सरांनी "द्रवीकरण"खाली रेघ मारली. वायूचा द्रव होतो, मग चूक काय?'

रेघ योग्य जागी आहे. द्रवीकरणात रेणू तोच राहतो, फक्त अवस्था बदलते. घरच्या सिलिंडरमध्ये प्रोपेन-ब्यूटेन दाबाखाली द्रवरूपात असतात. नॉब फिरवला की पुन्हा वायू होऊन शेगडीत येतात. तुमची प्रक्रिया म्हणजे फिशर-ट्रॉप्श. तिचा कच्चा माल असलेला सिनगॅस, म्हणजेच तुमचा 'संश्लेषित वायू', हे कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजनचं मिश्रण असतं. इथे कार्बन मोनॉक्साइडचा रेणूच मोडतो. ऑक्सिजन बाजूला होतो, कार्बनला हायड्रोजन चिकटतो आणि असे तुकडे एकामागून एक जोडले जाऊन डिझेलसारख्या हायड्रोकार्बनांची साखळी वाढते. त्या डिझेलचं दाब काढून पुन्हा कार्बन मोनॉक्साइड होणार नाही. एका तुकड्याचा हिशेब असा:

CO + 2H₂ → –CH₂– + H₂O

वजनात पाहिलं तर 14 किलो हायड्रोकार्बनमागे 18 किलो पाणी तयार होतं. म्हणजे तेलापेक्षा पाणीच जास्त! 'द्रवीकरण' म्हटलं की हे पाणी वाचकाच्या डोळ्यांसमोर येतच नाही.

मात्र 'कोळशाचे अप्रत्यक्ष द्रवीकरण' असं कुठे दिसलं तर ते खोडू नका. कोळशाचा वायू आणि त्या वायूपासून तेल, या अख्ख्या वाटेला ते नाव रूढ आहे. तुमचं वाक्य फक्त दुसऱ्या टप्प्याबद्दल आहे.

सरांची नजर चुकवून गेलेला शब्द म्हणजे 'संश्लेषित वायू'. हा वायू बनवलेला असतो हे खरं, पण नाव त्यावरून पडलेलं नाही. तो संश्लेषणासाठी वापरतात म्हणून पडलं. क्रीडेसाठी अंगण ते क्रीडांगण, तसा संश्लेषणासाठी वायू तो संश्लेषण-वायू. सरळ चतुर्थी तत्पुरुष. सिनगॅस लिहिलंत तरी माझी हरकत नाही.

तुमच्या 'द्रव'मध्येही एक अडचण आहे. साखळी कुठे थांबेल हे नेमकं ठरवता येत नाही. प्रत्येक पायरीवर ती वाढण्याची एक शक्यता असते, तिला अल्फा म्हणतात. अल्फा 0.7 धरून गणित केलं तर वजनाने जवळजवळ निम्मा माल एक ते चार कार्बनांचा, म्हणजे वायूच निघतो. 0.9 धरलं तर वायू 8 टक्क्यांवर येतो, पण 20 कार्बनांपुढचा माल 36 टक्क्यांच्या घरात जातो, आणि तो थंड झाल्यावर मेण होऊन बसतो. फक्त डिझेल देणारा अल्फा नाहीच. म्हणून शेलच्या मलेशियातल्या बिंटुलू कारखान्यात आधी मुद्दाम जड मेण बनवतात आणि मग हायड्रोजनच्या साहाय्याने त्याचे हवे तेवढे तुकडे करतात. या अभिक्रियेत उष्णताही भरपूर निघते. ती वेळेवर काढून घेतली नाही तर तापमान चढतं, अल्फा घसरतो आणि बाहेर पडणाऱ्या वायूत मिथेन वाढू लागतो. बिघाडाची खूण तिथेच दिसते.

आता 'लोह किंवा कोबाल्ट'. हा 'किंवा' चहा किंवा कॉफीसारखा नाही. कोबाल्टला जवळपास दोनास एक या प्रमाणात हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड लागतो. नैसर्गिक वायूपासून असा सिनगॅस मिळवणं सोयीचं पडतं. कोळशाच्या वायूत हायड्रोजन कमी असतो. तिथे लोह उपयोगी पडतं, कारण ते आणखी एक काम करतं: तयार झालेल्या पाण्याची उरलेल्या कार्बन मोनॉक्साइडशी अभिक्रिया घडवून हायड्रोजन काढतं. त्याची किंमत म्हणजे कार्बन डायऑक्साइड. दक्षिण आफ्रिकेत सासोल कंपनीने 1950च्या दशकात कोळशावर उभारलेल्या कारखान्यात लोह वापरलं, ते याचमुळे. लोह स्वस्तही आहे. गंधक मात्र दोघांनाही विषासारखं, त्यामुळे वायू आधी शुद्ध करावाच लागतो.

'उत्प्रेरकावर' हा तुमचा शब्द मला आवडला. तो इंग्रजीतून आला असेल, पण इथे अक्षरशः खरा आहे. सगळा खेळ धातूच्या पृष्ठभागावरच चालतो. आणि प्रक्रियेचं नाव लिहाल तेव्हा 'ट्रॉप्सच' नको. जर्मनीतल्या म्युल्हाइमच्या कोळसा-संशोधन संस्थेत 1920च्या दशकात हे काम करणारे फ्रान्झ फिशर आणि हान्स ट्रॉप्श. जर्मन sch म्हणजे आपला श.

मी वाक्य असं लिहीन: 'फिशर-ट्रॉप्श प्रक्रियेत संश्लेषण-वायूचे, कच्चा माल कोणता त्यानुसार निवडलेल्या लोह किंवा कोबाल्ट उत्प्रेरकावर, मुख्यतः द्रव आणि मेणरूप हायड्रोकार्बनांत रूपांतर होते, सोबत पाणी तयार होते.'