जेड लिझर्ड: वरचा लॉस पुटच्या पैशातनं आधीच फिटलेला असतो

प्रश्न: "जेड लिझर्डमध्ये वरच्या बाजूला रिस्कच नाही म्हणतात. पण कॉल तर आपण विकलेला असतो ना? मग मार्केट वर पळालं तर लॉस का होत नाही? मी निपाणीचा आहे, निफ्टीत करायचा विचार आहे, स्टॉकमध्ये पण चालतंय का तेही सांगा."

जेड लिझर्डमध्ये खाली एक पुट आणि वर एक कॉल विकलेला असतो हे खरं, पण तो कॉल उघडा नसतो, त्याच्या वरचा एक कॉल विकत घेऊन ठेवलेला असतो. त्यामुळं वरच्या बाजूला जास्तीत जास्त किती जाणार हा आकडा पहिल्याच दिवशी ठरलेला असतो, दोन कॉलच्या स्ट्राइकमधलं अंतर, बस. आता तेवढा किंवा त्याहून जास्त प्रीमियम आधीच तुमच्याकडं जमा झाला असंल तर मार्केट किती का वर जाईना, तुमच्या खिशातलं काही जात नाही. पण ते "असंल तर" लई महत्त्वाचं आहे, लोक तेच विसरतात आणि पुट विकला, कॉल स्प्रेड विकला, झालं जेड लिझर्ड असं समजतात.

आकडे घेऊन बघू, हे मी समजायला घेतलेले आहेत, आजचे भाव नव्हेत. समजा निफ्टी २५,००० ला आहे आणि मंथली एक्स्पायरीला तीन-साडेतीन आठवडे आहेत. २४,५०० चा पुट १२५ ला विकला. २५,५०० चा कॉल १३२ ला विकला आणि २५,६०० चा कॉल १०२ ला घेतला, म्हणजे कॉल स्प्रेडचे ३० मिळाले. एकूण जमा १५५, आणि स्प्रेडची रुंदी १००.

आता एक्स्पायरीला निफ्टी २६,२०० ला गेला समजा. विकलेल्या कॉलमध्ये ७०० गेले, घेतलेल्या कॉलमध्ये ६०० आले, निव्वळ १०० गेले. पुट शून्य झाला, तो सगळा आपला. १५५ मधनं १०० गेले, ५५ राहिले. निफ्टी २७,००० ला गेला तरी हेच ५५, कारण वरती दोन्ही कॉल एकमेकाला खाऊन टाकतात. २४,५०० ते २५,५०० च्या मधे बंद झाला तर पूर्ण १५५. म्हणजे वर गेल्यावर नफा कमी होतो, लॉस होत नाही. यातनं ब्रोकरेज, एसटीटी वगैरे जाणार, म्हणून रुंदी १०० आणि जमा १०१ असा काठावरचा सौदा करू नका, थोडी जागा सोडा.

आता तुम्हाला वाटंल की २५,६०० च्या ऐवजी २५,७०० चा कॉल घेऊ, तो स्वस्त पडतोय. बघा काय होतंय. तो समजा ८० ला मिळाला, मग स्प्रेडचे ५२ आले, एकूण जमा १७७. बावीस पॉइंट जास्त मिळाले म्हणून खूश, पण रुंदी १०० ची २०० झाली की. आता निफ्टी २५,७०० च्या वर गेला की प्रत्येक युनिटमागं २३ चा लॉस. स्क्रीनवर तेच तीन पाय दिसतात, पण वरची रिस्क परत आली. म्हणून ऑर्डर टाकायच्या आधी एकच बेरीज करायची: तिन्हीचा मिळून जमा प्रीमियम रुंदीपेक्षा जास्त आहे का?

बारकाईनं बघितलं तर स्प्रेड एकटा स्वतःचा खर्च भागवत नाही, १०० च्या रिस्कला ३० च देतो. उरलेलं पुट भरतो. इंडेक्समध्ये खालच्या पुटला भाव बरा मिळतो कारण पडझडीच्या भीतीनं लोक पुट विकत घेत असतात, तेवढ्याच लांबच्या कॉलपेक्षा पुटची आयव्ही, म्हणजे भावात धरलेली चढउताराची अपेक्षा, बहुतेक वेळा जास्तच असते. तो भाव तुम्हाला फुकट मिळत नाही, भीती तुम्ही अंगावर घेता म्हणून मिळतो.

आणि "रिस्क नाही" हे एक्स्पायरीचं गणित आहे हेही ध्यानात ठेवा. मधल्या दिवसात निफ्टी जागेवरच असला आणि नुसती आयव्ही फुगली तरी पुट १२५ चा १७० होऊ शकतो आणि लाल आकडा दिसतो. ते बघून घाबरून वरचा घेतलेला कॉल विकू नका. बरेच जण तेजीच्या दिवशी हेज चांगला फायद्यात दिसतोय म्हणून तेवढाच बुक करतात, आणि त्या मिनिटाला खालचा कॉल उघडा पडतो. मग कसलं जेड लिझर्ड, ते शॉर्ट स्ट्रँगल झालं. काढायचे तर दोन्ही कॉल एकदमच.

आता स्टॉकचं. इथं माझं मत वेगळं आहे. निफ्टी कॅशमध्ये सेटल होतो, पण आपल्याकडं स्टॉक ऑप्शन २०१९ पासून सगळे डिलिव्हरीनं सेटल होतात. समजा शेअर १,००० ला आहे, ९५० चा पुट विकला, १,०५० चा कॉल विकला, १,०७० चा घेतला, जमा २२, रुंदी २०. कागदावर वरची रिस्क शून्य. पण एक्स्पायरीला शेअर १,०६२ ला बंद झाला तर? घेतलेला कॉल वाया गेला, विकलेला १२ नं आत आला. हिशेबानं शेअरमागं १० सुटायला पाहिजेत, पण आता अख्ख्या लॉटचे शेअर १,०५० ला द्यायचे आहेत आणि ते तुमच्या डिमॅटमध्ये नाहीत. देता आले नाहीत की प्रकरण ऑक्शनला जातं, तिथला भाव तुमच्या हातात नाही. १,०७० च्या वर बंद झाला असता तर दोन्ही कॉल एकमेकात वळते झाले असते, वरच्या बाजूची भानगड फक्त मधल्या त्या वीस रुपयांत आहे. म्हणून स्टॉकमध्ये करायचंच असंल तर एक्स्पायरीच्या दिवसापर्यंत थांबू नका, आधी बाहेर पडा.

खालची बाजू तर तुम्ही विचारलीच नाही. आमच्या बेळगावात पण हेच बघतोय, वरचं कौतुक सगळे सांगतात, खालचं कोण बोलत नाही. २०२४ च्या इलेक्शनचं आठवा. एक्झिट पोलनंतर ३ जूनला निफ्टी तीन टक्क्यांवर वाढून २३,२६३ ला बंद झाला, त्या दिवशी जेड लिझर्डवाला निवांत. दुसऱ्या दिवशी ४ जूनला निकाल लागला आणि बंद झाला २१,८८४ ला, जवळजवळ सहा टक्के खाली. आपल्या उदाहरणात सहा टक्के म्हणजे २३,५००. पुटमध्ये १,००० गेले, जमा १५५ वजा केले तरी युनिटमागं ८४५ चा लॉस. याला लॉट साइजनं गुणा आणि मग ठरवा. ब्रेकइव्हन २४,३४५ आहे, त्याच्या खाली प्रत्येक पॉइंट तुमचा.

मग खाली पण एक पुट घेऊन बांधून टाकू का, असं तुम्ही नक्की विचारणार. घ्या की, पण २४,००० चा पुट समजा ६० ला मिळाला तर जमा १५५ चा ९५ होतो. खालचा लॉस ४०५ वर थांबला हे चांगलंच, पण रुंदी अजून १०० च आहे, म्हणजे वरती ५ चा लॉस परत सुरू झाला आणि तुमच्याकडं आता जेड लिझर्ड नाही, आयर्न काँडर आहे. माझं विचाराल तर पहिल्यांदा करणाऱ्यानं ते पाच रुपये सोडावेत आणि रात्री झोपावं.