एका पॅनलमध्ये एकच क्षण

भावा, तुझ्या कॉमिकची स्क्रिप्ट वाचली, सीन भारीये पण पॅनल ३ बघ, 'बाळू आयर्विन पुलावर पळत येतो, वाकून कृष्णेचं पाणी बघतो आणि आईला हाक मारतो' असं लिहिलंयस, चित्रकारानं यातलं काढायचं काय? पॅनलमध्ये एकच क्षण थांबतो. तीन पॅनल कर: लांबून पूल नि पळणारा बाळू, मग कठड्यावरचे हात नि खाली गढूळ पाणी, मग चेहरा आणि हाक. मधल्यात डायलॉग नकोच, पाणी चढलंय हे दिसतंयच की. बाकी पॅनलला पंचवीसेक शब्दांच्या वर गेलास की डायलॉगचे फुगे चित्र झाकतात. आणि आधी बोलणारा डावीकडे उभा कर, तसं वर्णनातच लिही, नाहीतर फुग्यांच्या शेपट्या एकमेकींना छेदतात.